पदोन्नतीनंतरची वेतननिश्चिती: विकल्प पदोन्नतीच्या दिनांकाचा द्यावा की पुढील वेतनवाढीच्या दिनांकाचा?

भुसावळकर | 20 नोव्हेंबर 2024

नमस्कार. मी रेल्वेत वरिष्ठ लिपिक, म्हणजे लेव्हल 5 मध्ये होतो आणि 14 नोव्हेंबर रोजी कार्यालय अधीक्षक म्हणून लेव्हल 6 मध्ये पदोन्नतीवर रुजू झालो. 1 जुलै 2024 च्या वेतनवाढीनंतर माझे मूळ वेतन 39,200 रुपये आहे. पदोन्नतीच्या आदेशात असे लिहिले आहे की, वेतननिश्चिती पदोन्नतीच्या दिनांकापासून हवी की खालच्या पदावरील पुढील वेतनवाढीच्या दिनांकापासून, म्हणजे डीएनआयपासून हवी, याचा विकल्प एका महिन्याच्या आत लेखी द्यावा आणि एकदा दिलेला विकल्प अंतिम राहील. कार्यालयातील निम्मे सहकारी "डीएनआय घ्या, डोळे झाकून घ्या" असे सांगतात आणि उरलेले "हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नका" असे सांगतात, पण आकडे मांडून दाखवणारा कोणी भेटला नाही. माझी सेवानिवृत्ती 31 मे 2031 रोजी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शिवराज_के | 20 नोव्हेंबर 2024

अभिनंदन. नियम सोपा आहे. खालच्या वेतनश्रेणीत एक वेतनवाढ मिळवायची आणि जी रक्कम येईल तिच्या पुढचा टप्पा वरच्या श्रेणीत शोधायचा. पाचव्या वेतन आयोगाच्या काळात माझी पदोन्नती 5000-150-8000 मधून 5500-175-9000 मध्ये झाली, तेव्हा माझे मूळ वेतन 6,050 होते. त्यात 150 मिळवून 6,200 झाले आणि वरच्या श्रेणीत 6,200 चा टप्पा असूनही मला त्याच्या पुढचा, म्हणजे 6,375 चा टप्पा मिळाला. त्यामुळे आकडा बरोबर जुळला तरीही पुढचा टप्पा मागून घ्या, अनेक कार्यालयांत तो देत नाहीत.

निवृत्त_लेखा | 20 नोव्हेंबर 2024

शिवराज यांचे स्वतःचे उदाहरण त्या काळापुरते अगदी बरोबर आहे, परंतु भुसावळकरांना ते लागू होत नाही. जुन्या मूलभूत नियमात काल्पनिक वेतनवाढीनंतर येणाऱ्या रकमेच्या "वरचा टप्पा" असे शब्द होते आणि ती वेतनवाढ किमान शंभर रुपये धरली जात असे. म्हणून 6,200 वर 6,200 न मिळता 6,375 मिळाले. सहाव्या आयोगात टप्पेच नव्हते, मूळ वेतनाच्या तीन टक्के काढून ते दहाच्या पटीत वर नेत असत, म्हणून हा प्रश्नच उद्भवला नाही. सातव्या आयोगाच्या 2016 च्या सुधारित वेतन नियमांत टप्पे पे मॅट्रिक्स या वेतनतक्त्यातील सेलच्या रूपाने परत आले, पण नियम 13 चे शब्द बदलले. आता खालच्या लेव्हलमध्ये एक वेतनवाढ दिल्यावर येणाऱ्या रकमेइतका सेल वरच्या लेव्हलमध्ये असेल तर तोच द्यायचा आणि तसा सेल नसेल तरच त्याच्या पुढचा द्यायचा. जुळलेल्या आकड्यावर आणखी एक टप्पा मागितला, तर तो आज ना उद्या लेखापरीक्षणात परत जाईल.

भुसावळकर, आकडेमोड करण्याआधी एक विचारतो. आपल्याला एमएसीपीखाली, म्हणजे पदोन्नतीविना ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर वरची लेव्हल देणाऱ्या योजनेखाली, लेव्हल 6 आधीच मिळालेली आहे का? मिळाली असेल, तर त्याच लेव्हलमधील पदोन्नतीवर पुन्हा वेतनवाढीचा लाभ मिळत नाही आणि ही सारी चर्चा व्यर्थ ठरते.

भुसावळकर | 21 नोव्हेंबर 2024

नाही, काका. मी 1998 मध्ये गट ड मध्ये लागलो, तेथून कनिष्ठ लिपिक झालो आणि 2017 मध्ये वरिष्ठ लिपिक झालो. दोन पदोन्नत्या झाल्यामुळे वीस वर्षांच्या एमएसीपीचा लाभ देय झाला नाही आणि वरिष्ठ लिपिक होऊन दहा वर्षे अजून पूर्ण झालेली नाहीत.

निवृत्त_लेखा | 21 नोव्हेंबर 2024

मग मांडणी करू. पे मॅट्रिक्सचा तक्ता समोर ठेवा आणि माझ्यासोबत बोट फिरवत चला, म्हणजे कोठे चुकलो तर लगेच दिसेल.

पहिला विकल्प पदोन्नतीच्या दिनांकाचा. लेव्हल 5 मध्ये 39,200 च्या खालचा सेल 40,400 आहे, ही झाली काल्पनिक वेतनवाढ. लेव्हल 6 मध्ये 40,400 नाही. तेथे 39,900 आहे आणि त्यानंतर 41,100 आहे. म्हणून 14 नोव्हेंबर 2024 पासून मूळ वेतन 41,100. आपली पदोन्नती 2 जुलै ते 1 जानेवारी या काळातली असल्यामुळे नियम 10 प्रमाणे पुढील वेतनवाढ 1 जुलै 2025 रोजी मिळेल आणि वेतन 42,300 होईल. 1 जुलै 2026 रोजी ते 43,600 होईल.

दुसरा विकल्प पुढील वेतनवाढीच्या दिनांकाचा. यात पदोन्नतीच्या दिवशी काल्पनिक वेतनवाढ मिळत नाही. लेव्हल 6 मध्ये 39,200 च्या लगेच पुढचा सेल द्यायचा, तो 39,900 आहे. मग 1 जुलै 2025 रोजी लेव्हल 5 मध्ये परत जायचे आणि तेथे दोन वेतनवाढी द्यायच्या. वार्षिक वेतनवाढीने 40,400 आणि पदोन्नतीच्या वेतनवाढीने 41,600. लेव्हल 6 मध्ये 41,600 नाही, म्हणून 42,300. येथपर्यंत पाहणाऱ्याला वाटेल की जुलैला दोन्ही विकल्प 42,300 वरच आले आणि मधल्या काळाचे नुकसान फुकट गेले. आपले "हातचे सोडू नका" म्हणणारे सहकारी येथेच थांबत असावेत.

परंतु वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने 28 नोव्हेंबर 2019 च्या ज्ञापनात स्पष्ट केले आहे की, वेतनवाढीच्या दिनांकापासून वेतन निश्चित करून घेणाऱ्याला नव्या लेव्हलमधील पहिली वेतनवाढ सहा महिन्यांची अर्हताकारी सेवा पूर्ण झाल्यावर मिळते आणि त्यानंतरच्या वेतनवाढी वर्षाने मिळतात. म्हणजे 1 जानेवारी 2026 रोजी 43,600 आणि 1 जानेवारी 2027 रोजी 44,900. पहिल्या विकल्पात 43,600 साठी जुलै 2026 पर्यंत थांबावे लागते. खरा फायदा जुलैच्या आकड्यात नाही, तर वेतनवाढीचा महिना जुलैवरून जानेवारीवर सरकण्यात आहे.

भुसावळकर | 21 नोव्हेंबर 2024

काका, मी आज रात्री कागद घेऊन बसलो. नोव्हेंबरच्या 17 दिवसांचे 680 रुपये आणि डिसेंबर ते जून अशा सात महिन्यांचे दरमहा 1,200 प्रमाणे 8,400 रुपये मिळून दुसऱ्या विकल्पात मूळ वेतनात 9,080 रुपयांचे नुकसान होते. त्याउलट जानेवारी ते जून 2026 या सहा महिन्यांत दरमहा 1,300 प्रमाणे 7,800 रुपयांचा लाभ होतो. उरलेले 1,280 रुपये जानेवारी 2027 च्या एकाच पगारात भरून निघतात. महागाई भत्ता दोन्ही बाजूंना त्याच प्रमाणात वाढतो, असे धरून मी तो सोडून दिला. हे बरोबर आहे का?

निवृत्त_लेखा | 21 नोव्हेंबर 2024

आकडे बरोबर आहेत. महागाई भत्त्याबद्दल थोडी दुरुस्ती करतो. आज तो 53 टक्के आहे, म्हणजे आज सुटणाऱ्या 1,200 सोबत 636 रुपयांचा भत्ताही सुटतो. पुढे लाभ मिळेल तेव्हा भत्त्याचा दर बहुधा अधिक असेल, त्यामुळे तुमचा हिशेब किंचित सावध बाजूला झुकलेला आहे आणि ते चांगलेच आहे. जुलै ते डिसेंबर या काळात दोन्ही विकल्पांचे वेतन सारखे राहते आणि जानेवारी ते जून या काळात दुसरा विकल्प एक सेल पुढे राहतो. हे दरवर्षी सेवानिवृत्तीपर्यंत चालते.

आपल्या बाबतीत निर्णायक गोष्ट सेवानिवृत्तीचा महिना आहे. मे हा पुढे असण्याच्या सहामाहीतला महिना आहे, म्हणून अखेरचे वेतन एका सेलने अधिक राहील आणि निवृत्तिवेतन, उपदान तसेच रजा रोखीकरण हे सर्व त्यावरून निघेल. आपण ऑक्टोबरमध्ये निवृत्त होणार असता, तर अखेरचे वेतन दोन्हीकडे एकच राहिले असते आणि लाभ केवळ दरवर्षीच्या सहा महिन्यांपुरता उरला असता. 30 जूनला निवृत्त होणाऱ्यांचे गणित आणखी निराळे आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2023 च्या निर्णयानंतर त्यांना 1 जुलैची वेतनवाढ निवृत्तिवेतनासाठी काल्पनिकरीत्या धरली जाऊ लागली आणि त्यामुळे पहिला विकल्प देणाराही तेथे मागे राहत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. जुलै ते डिसेंबर 2025 या काळात विनावेतन असाधारण रजा घेऊ नका. ज्ञापनात सहा महिन्यांची अर्हताकारी सेवा काटेकोरपणे पूर्ण होण्याची अट आहे आणि सारा विकल्प जानेवारीच्या त्या एका वेतनवाढीवर उभा आहे.

गोदाकाठ | 22 नोव्हेंबर 2024

मी राज्य शासनाच्या सेवेत एस-8 मध्ये आहे आणि मलाही पदोन्नती मिळणार आहे. वरील माहितीप्रमाणे मी पुढील वेतनवाढीच्या दिनांकाचा विकल्प देण्याचे ठरवले आहे. धन्यवाद.

निवृत्त_लेखा | 22 नोव्हेंबर 2024

कृपया या धाग्यावरून तसे ठरवू नका. वर सांगितलेली ज्ञापने केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आहेत. आपल्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम 1981 आणि 2019 चे सुधारित वेतन नियम लागू आहेत. एस-8 आणि केंद्राची लेव्हल 4 या दोहोंची सुरुवात 25,500 ने होते, त्यामुळे तक्ते एकसारखे दिसतात, पण विकल्पाची मुदत आणि विकल्पानंतरच्या वेतनवाढीचा दिनांक आपल्या वित्त विभागाच्या आदेशांवरूनच पाहावा.

अनुजा_पी | 23 नोव्हेंबर 2024

सर, माझीही पदोन्नती नुकतीच, 28 ऑक्टोबरला झाली असून माझ्या मुदतीचे थोडेच दिवस उरले आहेत. मी रेल्वेतच कनिष्ठ लिपिक, लेव्हल 2 मध्ये होते आणि मूळ वेतन 23,800 होते. आता वरिष्ठ लिपिक म्हणून लेव्हल 5 मध्ये आले आहे. आमच्या कार्यालयात सर्वांनी डीएनआयचाच विकल्प दिला आहे आणि माझाही अर्ज टंकून तयार आहे. दोन्ही विकल्पांत आज माझे वेतन 29,200 च होत असल्यामुळे माझे काहीच नुकसान नाही, असे मला वाटते. हे बरोबर आहे ना?

निवृत्त_लेखा | 23 नोव्हेंबर 2024

अनुजाताई, तो अर्ज देऊ नका. आज नुकसान नाही हे खरे आहे, पण ते 1 जुलैला होणार आहे.

पहिल्या विकल्पात 23,800 वर एक वेतनवाढ म्हणजे 24,500 होतात आणि लेव्हल 5 ची सुरुवातच 29,200 ने असल्यामुळे आपल्याला 29,200 मिळतात. 1 जुलै 2025 रोजी नेहमीची वेतनवाढ मिळून 30,100 होतील. दुसऱ्या विकल्पात आजही 29,200 मिळतील, पण 1 जुलैला लेव्हल 2 मध्ये जाऊन दोन वेतनवाढी दिल्या की 24,500 आणि मग 25,200 होतात. हे अजूनही 29,200 च्या खूप खाली आहेत, म्हणून पुनर्निश्चिती होऊनही वेतन 29,200 च राहते आणि 30,100 मिळायला जानेवारी 2026 उजाडते. भुसावळकरांना ज्या विकल्पाने वेतनवाढ सहा महिने अलीकडे आणली, तोच विकल्प आपली वेतनवाढ सहा महिने पलीकडे ढकलतो आणि हा फरक पुढे दरवर्षी जुलै ते डिसेंबर या काळात पडत राहतो.

आपल्या कार्यालयातील सर्वांनी तो विकल्प दिला म्हणजे त्यांचे चुकलेच असे नाही, त्यांच्या लेव्हल कोणत्या होत्या ते पाहायला हवे. एक खूण लक्षात ठेवा. खालच्या लेव्हलमध्ये दोन वेतनवाढी देऊनही रक्कम वरच्या लेव्हलच्या पहिल्या सेलच्या पुढे जात नसेल, तर पदोन्नतीचा दिनांकच घ्यावा.

अनुजा_पी | 23 नोव्हेंबर 2024

मी आत्ताच तक्ता काढून बघितला. आमच्यातील इतर तिघी लेव्हल 5 मधून 6 मध्ये गेल्या आहेत, लेव्हल 2 मधून थेट 5 मध्ये आलेली मी एकटीच आहे. सोमवारी सकाळी दुसरा अर्ज देते. आपले फार आभार, सर.

वैनगंगा | 24 नोव्हेंबर 2024

या किमान सेलच्या मुद्द्यावर माझा अनुभव सांगावासा वाटतो, कारण तो मला अजूनही भोगावा लागत आहे. 2017 मध्ये मी लेव्हल 5 मधून 6 मध्ये गेलो, तेव्हा मूळ वेतन 33,900 होते. नियमाप्रमाणे 34,900 आणि मग लेव्हल 6 चा पहिला सेल 35,400 मिळायला हवा होता. आमच्या आस्थापनेतील लिपिकाने आधी वरच्या लेव्हलमध्ये नेऊन 35,400 धरले आणि मग तेथे वेतनवाढ देऊन 36,500 केले. मला त्यातले काही कळत नव्हते, मी सेवापुस्तकावर सही केली. 2023 मध्ये लेखापरीक्षणात चूक निघाली, वेतन एका सेलने खाली आले आणि सहा वर्षांची वसुली काढण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या रफीक मसीह प्रकरणातील डिसेंबर 2014 च्या निर्णयाचा आधार घेऊन मी न्यायाधिकरणात गेलो आहे, कारण मी गट क मध्ये आहे आणि जादा रक्कम पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली होती. प्रशासनाचे म्हणणे आहे की वेतनसुधारणेच्या वेळी मी जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिले होते.

निवृत्त_लेखा | 24 नोव्हेंबर 2024

हमीपत्राचा मुद्दा हलका नाही. 2016 च्या जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हमीपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याकडून वसुली मान्य केली होती. तो अधिकारी आपल्यासारखा गट क मधील नव्हता, हे आपल्या वकिलांनी ठासून मांडावे.

आपल्याबाबत झालेली चूक मी सेवेत असताना कितीतरी वेळा पाहिली. ती इतकी टिकते, कारण बहुतेक वेळा ती दिसतच नाही. भुसावळकरांचे वेतन त्या उलट क्रमाने काढले, तर 39,200 वरून लेव्हल 6 मध्ये 39,900 आणि मग एक वेतनवाढ देऊन 41,100 च येतात. उत्तर बरोबर येते, म्हणून लिपिकाला आपली रीतही बरोबर वाटते. फरक उघडा पडतो तो फक्त दोन ठिकाणी: वरच्या लेव्हलच्या पहिल्या सेलजवळ, जसे आपले झाले, आणि दोन लेव्हलचे सेल तंतोतंत जुळतात तेथे. म्हणून वेतननिश्चितीच्या पत्रकात खालच्या लेव्हलचे वेतन, त्याच लेव्हलमधील काल्पनिक वेतनवाढीनंतरची रक्कम आणि वरच्या लेव्हलचा सेल हे तीन आकडे याच क्रमाने लिहिलेले आहेत का, ते सहीपूर्वी पाहावे. मधला आकडा खालच्या लेव्हलच्या रकान्यात सापडत नसेल, तर तेथेच चूक आहे.

शिवराज_के | 24 नोव्हेंबर 2024

मी वर दिलेला सल्ला मागे घेतो. जुळलेल्या आकड्यावर पुढचा टप्पा मागा असे मी दोन कनिष्ठ सहकाऱ्यांनाही सांगितले होते, त्यांना आज दूरध्वनी करून नियम 13 पाहायला सांगितले. पण निवृत्त_लेखा यांना एक विचारतो. दोन लेव्हलचे सेल तंतोतंत जुळतात असे कोठे घडते?

दत्ता_एम | 25 नोव्हेंबर 2024

शिवराजजी, लेव्हल 6 आणि 7 मध्ये. लेव्हल 7 ची सुरुवात 44,900 ने होते आणि लेव्हल 6 च्या नवव्या सेलपासून दोन्ही रकाने सारखेच चालतात. माझेच प्रकरण यात अडकले आहे. लेव्हल 6 मध्ये माझे वेतन 46,200 होते आणि सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यालय अधीक्षक झालो. पहिल्या विकल्पात 47,600 मिळाले असते आणि लेव्हल 7 मध्ये तो सेल असल्यामुळे तेथेच थांबले असते. मी वेतनवाढीच्या दिनांकाचा विकल्प दिला. कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या 27 जुलै 2017 च्या ज्ञापनात पदोन्नतीपासून वेतनवाढीच्या दिनांकापर्यंत वरच्या लेव्हलमधील पुढचा उच्च सेल द्यावा असे म्हटले आहे. म्हणून मधल्या काळातही मला 47,600 च मिळायला हवेत, असे माझे म्हणणे आहे. लेखा शाखा म्हणते की लेव्हल 7 मध्ये 46,200 चा सेल असल्यामुळे तोपर्यंत 46,200 च मिळतील.

निवृत्त_लेखा | 25 नोव्हेंबर 2024

माझ्या मते आपले वाचन बरोबर आहे. नियम 13 मध्ये "इतका किंवा पुढचा" असे शब्द आहेत, कारण तेथे काल्पनिक वेतनवाढ आधीच मिळालेली असते. 2017 च्या ज्ञापनातील मधल्या काळासाठी केवळ "पुढचा उच्च सेल" असे शब्द आहेत. लेखा शाखेचे वाचन मान्य केले, तर पदोन्नती होऊनही माणसाला नऊ-दहा महिने एक रुपयाही अधिक मिळणार नाही. आपले वाचन टिकले, तर लेव्हल 6 मधून 7 मध्ये जाताना हा विकल्प काहीही न गमावता मिळतो, कारण मधल्या काळात दोन्हीकडे 47,600, जुलैला दोन्हीकडे 49,000 आणि जानेवारीला आपल्याला 50,500.

दत्ता_एम | 25 नोव्हेंबर 2024

मी ज्ञापनातील वाक्य जसेच्या तसे उद्धृत करून अर्ज दिला आहे आणि तो वरच्या कार्यालयाकडे स्पष्टीकरणासाठी पाठवण्यात आला आहे. तोपर्यंत 46,200 नेच पगार निघत आहे. या धाग्यावरील कोणाला लेव्हल 6 मधून 7 मध्ये जाताना मधल्या काळात पुढचा सेल मिळाला असेल, तर त्यांनी आपल्या वेतननिश्चिती पत्रकाची भाषा येथे कृपया लिहावी, मला ती जोडता येईल.

भुसावळकर | 2 डिसेंबर 2024

आज मी पुढील वेतनवाढीच्या दिनांकाचा विकल्प लेखी दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का व दिनांक घेतला. सोबत वेतनाचे दोन्ही तक्ते स्वतः लिहून जोडले, त्यात 40,400 आणि 41,600 हे मधले आकडे लेव्हल 5 च्या रकान्यातले असल्याचे नमूद केले आहे. आस्थापनेतील लिपिकाने तो कागद पाहून विचारले की जानेवारी 2026 ची वेतनवाढ कोणत्या आदेशाने द्यायची, तेव्हा 28 नोव्हेंबर 2019 च्या ज्ञापनाची प्रत मी त्यांच्या धारिकेत लावून आलो. डिसेंबरच्या पगारात 39,900 दिसले की येथे कळवतो. दत्ताजी, आपल्या प्रकरणाचे उत्तर आल्यावर तेही कृपया याच धाग्यावर लिहा, कारण दोन-तीन वर्षांनी मलाही लेव्हल 7 च्या दारात उभे राहायचे आहे.